निघता आलं नाही तर

पडद्यावरची डावी बाजू रिकामी होते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला डीलरच्या खुर्चीत बसायला लागल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं. आमचं ऑफिस मुलुंड पश्चिमेला, एका फरसाणाच्या दुकानाच्या वर. खालून दिवसभर तळणाचा वास येतो आणि वर आम्ही लोकांच्या शेअरच्या ऑर्डरी टाकतो. मालक कच्छी आहेत, त्यांना सगळे शेठ म्हणतात. आजकाल सगळं मोबाइलवर होतं हे मला कुणी सांगायला नको, पण पेन्शनवाली मंडळी अजून येतात. त्यांना बटण दाबणाऱ्या माणसाचं तोंड दिसावं लागतं, आणि ते तोंड माझं आहे.

तर पडदा. कुठलाही शेअर उघडला की डावीकडे घेणारे दिसतात आणि उजवीकडे विकणारे. कोण किती भावाला किती घेतो, किती भावाला किती विकतो. एरवी दोन्ही बाजू भरलेल्या असतात आणि आकडे सारखे लुकलुकत असतात. एक दिवस एका शेअरची डावी बाजू कोरी झालेली मी पाहिली. एकही घेणारा नाही. उजवीकडे एकाच भावाला विकणाऱ्यांचा ढीग. मला वाटलं मशीन बिघडलं. शेठना हाक मारली तर ते चहाचा कप हातात घेऊनच आले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सर्किट लागलं. खालचं."

मग त्यांनी सांगितलं. कुठल्या शेअरने एका दिवसात किती वर-खाली जायचं याची एक्स्चेंजने हद्द आखलेली असते. कुणाला वीस टक्के, कुणाला दहा, कुणाला पाच, कुणाला दोन. कालच्या बंद भावापासून तेवढं खाली आलं की त्याखाली सौदाच होत नाही. आता सगळ्यांनाच विकायचं असेल आणि त्या भावाला घ्यायला कुणी तयार नसेल, तर सगळे नुसते रांगेत उभे राहतात. दुसऱ्या दिवशी नवी हद्द, नवी रांग.

मी जातीची चौकस. लहानपणी रॉकेलच्या रांगेत उभी राहून पुढे किती आणि मागे किती हे मोजणारी पोरगी मी. मला पहिला प्रश्न हाच पडला की या रांगेत आपण कितवे हे कळतं कसं. उत्तर असं की कळतच नाही. एकूण किती शेअर विकायला आलेत एवढं दिसतं, आपला नंबर दिसत नाही. पण मी एक युक्ती शोधली. आपली ऑर्डर टाकण्याच्या आधीच्या क्षणाला ढीग किती होता ते बघायचं, आणि त्यानंतर दिवसभरात किती शेअरचे सौदे झाले ते त्यातून वजा करत जायचं. मधले काही कंटाळून ऑर्डर काढून घेतात, ते आपल्याला कळत नाही, पण अंदाज येतो. शेठ माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, तुला दुसरा धंदा नाही काय. होता ना, पण हा जास्त मजेचा होता.

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचेच ग्राहक. ते एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात सेफ्टी व्हॉल्व्ह तपासण्याच्या खात्यात होते. बॉयलरवर बसतो तो व्हॉल्व्ह, दाब वाढला की आपोआप उघडणारा. आयुष्यभर ते तपासून निवृत्त झाले आणि मग शेअरबाजाराला भिडले. माणूस मालवणकडचा, पण तिरकस नाही. शिस्तीचा. बाकीचे लोक कुणीतरी सांगितलं म्हणून घेतात. भाऊजी हिशेब करून घेत.

त्यांचा नियम असा होता की एका शेअरमध्ये एका दिवसात चाळीस हजारांच्या वर नुकसान होता कामा नये. मग ते उलटा हिशेब करत. दोनशे रुपयांचा शेअर आहे, त्याचं सर्किट वीस टक्क्यांचं आहे, म्हणजे वाईटात वाईट दिवशी एका शेअरमागे चाळीस रुपये जातील. चाळीस हजार भागिले चाळीस. हजार शेअर घ्यायचे, त्यावर एक नाही. आमच्या ऑफिसात येणाऱ्या सगळ्यांमध्ये असा विचार करणारे ते एकटेच. मला कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. मी दुसऱ्या ग्राहकांना त्यांचं उदाहरण द्यायची.

त्या वर्षी ताईच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलं. ताई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न झाल्यापासून ती एका खोलीत आणि स्वयंपाकघरात राहिली. सासू, दोन दीर, मग स्वतःची मुलगी, सगळे तिथेच. मुलीच्या लग्नानंतर दोघंच उरले तरी भाऊजी, त्यांचा टीव्ही आणि त्यांचे फोन त्याच खोलीत. नव्या इमारतीत जुन्या माणसांना आहे तेवढी जागा फुकट मिळणार होती आणि कुणाला जास्त हवी तर पैसे भरून मिळणार होती. ताईने तिचा फंड आणि ग्रॅच्युइटी त्यासाठी राखून ठेवली होती. तिला एक खोली वाढवायची होती. तिला एकदा मी विचारलं, खोलीत काय करणार गं? ती म्हणाली, "काही नाही. दार लावून बसणार." ती हसत नव्हती.

बिल्डरने पैसे भरायची शेवटची तारीख दिली, महिनाअखेरची. नकाशा महापालिकेत मंजुरीला जायचा होता. एकदा तो गेला की मग कुणाचीही भिंत इंचभर इकडची तिकडे होणार नव्हती.

तारखेला महिनाभर अवकाश होता आणि पैसे बचत खात्यात पडून होते. भाऊजी म्हणाले, त्यातले थोडे महिनाभर फिरवतो, तुझ्या खोलीचा पंखा आणि पडदे सुटतील. ताईने एकच विचारलं, "लागतील तेव्हा मिळतील ना?"

"एक दिवस आधी सांग," भाऊजी म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. आज विकलं की दुसऱ्या दिवशी पैसे, असाच व्यवहार असतो.

त्यांच्या नजरेत पंप बनवणारी एक छोटी कंपनी होती. भाव दोनशेच्या आसपास. आधीपासून त्यांचं लक्ष होतं, वीस टक्के सर्किटच्या हिशेबाने हजार शेअरच घेता येणार होते. त्याच सुमारास शेअर फार जोरात पळायला लागला म्हणून एक्स्चेंजने त्याला देखरेखीखाली घातलं आणि सर्किट वीसवरून पाचवर आणलं. असं करतात ते. घोडा उधळायला लागला की लगाम आखूड करतात.

दुसऱ्या दिवशी भाऊजी ऑफिसात आले ते खुशीतच. खालून गरम पापडी घेऊन आले होते. माझ्या टेबलावर पुडी सोडली आणि म्हणाले, "चार हजार टाक."

मी म्हटलं, "हजार ना?"

"अगो, सर्किट पाचवर आलं. आता एका दिवसात शेअरमागे दहाच रुपये जाऊ शकतात. चाळीस हजार भागिले दहा. हिशेब कर."

मी केला. हिशेब बरोबर होता. चार हजार शेअर, आठ लाख. दिवसाचं जास्तीत जास्त नुकसान तेच चाळीस हजार. कागदावर कुठेही चूक नव्हती, आणि तरी मला काहीतरी खुपत होतं. काय ते मला धड सांगता येईना. मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, पाच टक्क्यांवर सर्किट लवकर लागेल ना पण? वीस टक्के पडायच्या आत कुणीतरी घेणारा भेटतो. पाच टक्क्यांवर लोक उद्या अजून स्वस्त मिळेल म्हणून थांबतील. मग विकणार कुणाला?"

"स्टॉप लॉस आहे की."

"स्टॉप लॉस म्हणजे ठरलेल्या भावाला आला की विकायची ऑर्डर जाणार. ऑर्डर गेली म्हणजे विकलं गेलं असं नाही. ती पण रांगेतच उभी राहणार."

"तू फार विचार करतेस," ते म्हणाले आणि पापडी पुढे सरकवली. "एक्स्चेंजने स्वतः कुंपण घातलंय. याहून सेफ काय असतं?"

पैसे ताईचे असले तरी खातं त्यांचं होतं आणि ऑर्डरही त्यांचीच. मी टाकली. तोंडाने बडबडत टाकली, पण टाकली. ते मला नेहमी म्हणायचे की तुझी बडबड ही सरकारी सूचना आहे, बिडीच्या पाकिटावर असते तशी.

पहिले काही दिवस शेअर थोडा वर, थोडा खाली. भाऊजी रोज साडेतीनला बाजार बंद झाला की मला फोन करून विचारत, काय म्हणतो आपला पंप? मग एका संध्याकाळी बातमी आली की कंपनीच्या ऑडिटरने राजीनामा दिला. कारण वैयक्तिक. ऑडिटरचं कारण वैयक्तिक असतं तेव्हा बाजारात सगळे आधी विकतात आणि मग विचारतात.

दुसऱ्या दिवशी मी पावणेनऊलाच ऑफिसात. सव्वानऊला बाजार उघडतो, पण नऊपासून काही मिनिटं ऑर्डरी आधी घेऊन ठेवतात. ठोक्याला नऊला मी भाऊजींची ऑर्डर सर्किटच्या भावाला टाकली. आणि तरी माझ्या आधी दोन लाखांहून जास्त शेअर रांगेत. लोकांनी आदल्या संध्याकाळीच मोबाइलवरून ऑर्डरी देऊन ठेवल्या होत्या आणि मोठ्या ब्रोकरांच्या मशीननी नऊ वाजल्या क्षणाला त्या सोडल्या. माझं बोट आणि त्यांचं मशीन, कसली बरोबरी.

डावी बाजू कोरी.

भाऊजी आले, पडद्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "दहा पैसे कमी लाव ना. आपण पुढे जाऊ."

हे प्रत्येक माणूस म्हणतो. पहिल्यांदा अडकलेला प्रत्येक माणूस. मी त्यांना दाखवायचं म्हणून टाकून बघितलं. ऑर्डर परत आली. हद्दीच्या खालचा भाव मशीन घेतच नाही. एरवी बाजारात घाई असेल तर स्वस्तात द्यायचं, की सुटलात. इथे घाईची किंमत मोजायची सोयच नाही. सगळ्यांचा भाव एक, म्हणून जो आधी आला तो पुढे, बस.

त्या दिवशी चाळीस हजार गेले. ठरल्याप्रमाणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग, पुन्हा कोरी डावी बाजू, आणि जरा कमी, अडतीस हजार गेले. रांग आदल्या दिवशीची चालत नाही, संध्याकाळी सगळ्या ऑर्डरी मेल्या आणि सकाळी पुन्हा शेवटून सुरुवात. तिसऱ्या दिवशी तेच. मी आकडे लिहीत गेले आणि मला एक विचित्र गोष्ट दिसली. भाऊजींचा नियम एकाही दिवशी मोडला नव्हता. कुठल्याही एका दिवसात चाळीस हजारांच्या वर गेले नव्हते.

मी हे त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं की काय कोण जाणे, पण माझ्या पोटात राहत नाही. ते म्हणाले, "व्हय गो. नियम पाळूनच मेलो."

ताईला त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं. मी तिथे होते कारण त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. ताई भाजी निवडत होती. तिने विचारलं, "बुडाले का?"

"नाही नाही. अडकलेत."

"मग सोडवा."

तिला अडकण्याची कल्पनाच करता येईना, आणि मला तिचं पटलं. तिने आयुष्यात जे काही घेतलं ते परत करता आलं किंवा मोडता आलं. एफडी मोडली तर दंड भरून मोडते. सोनं विकलं तर सोनार घट धरून का होईना घेतो. ताईचं सोनं मुलीच्या लग्नात गेलं होतं ही वेगळी गोष्ट. पण तुमच्याकडे वस्तू आहे, तिचा भाव पेपरात छापून येतो, आणि त्या भावाला ती कुणी घेत नाही, हे तिला कसं समजावणार? ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तू त्याच ऑफिसात बसतेस ना गं? तुला पण विकता येत नाही?" आणि मला एकदम रडू आलं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले.

तारीख जवळ येत होती. भाऊजी आता रोज नऊच्या आधी ऑफिसात. एका सकाळी ऑर्डर टाकायच्या आधी त्यांनी टर्मिनलसमोर हात जोडले आणि हळू आवाजात गाऱ्हाणंच घातलं, "बा देवा महाराजा, ह्या लेकराचो माल अडकलो हा, एक तरी गिऱ्हाईक धाड रे महाराजा." पलीकडच्या खुर्चीवरून शेठ, कच्छी माणूस, इतकी वर्षं आम्हा मालवण्यांच्या संगतीत राहून शिकलेले, गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "व्हय महाराजा." आम्ही तिघंही हसलो. अशा वेळी सुद्धा माणूस हसतो.

आणि त्या दिवशी खरंच एक गिऱ्हाईक आलं. दुपारी. डावी बाजू क्षणभर उजळली. कुणीतरी पन्नास हजार शेअर घ्यायला आलं होतं, आणि मी नीट बघेपर्यंत रांगेच्या पुढच्या लोकांनी ते गिळून टाकले. आमच्या वाट्याला काहीच नाही. सौद्यांचा आकडा पन्नास हजारांनी वाढला, डावी बाजू पुन्हा कोरी. पुढचे दोन तास माझ्या डोक्यात तोच माणूस. कोण असेल? सगळं जग पळतंय आणि हा आत शिरतोय. त्याला काही माहीत होतं, की त्याचीही भाऊजींसारखी चूक झाली, की तो कुणा पंपवाल्याचा जावई होता? मला आजही कळलेलं नाही आणि आजही मला जाणून घ्यायचं आहे.

पुढचे दिवस वाट बघण्याचेच होते. वाट बघताना माणूस एकतर चिडतो नाहीतर विचार करतो. भाऊजी विचार करायला लागले. एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "तुला सांगतो, आम्ही टाकी कशी करायचो. वर सेफ्टी व्हॉल्व्ह असायचा. मी तो स्वतः तपासलेला, माझी सही त्यावर. तरी टाकीचा हिशेब करणारा माणूस मला विचारायचा, हा नाही उघडला तर? मला राग यायचा. माझी सही आहे ना. पण तो दुसरा व्हॉल्व्ह लावायचाच आणि पत्रा जाड घ्यायचाच. आणि मी इथे स्टॉप लॉसच्या एका व्हॉल्व्हवर आठ लाखांचा बॉयलर पेटवला."

"मग आता व्हॉल्व्ह उघडत नाही असं धरून हिशेब करा ना," मी म्हटलं. मला खरंच बघायचं होतं की काय येतं.

त्यांनी माझं कॅल्क्युलेटर ओढलं. आता प्रश्न बदलला होता. एका दिवसात किती जाईल हे नाही, बाहेर पडताच आलं नाही तर एकूण किती जाईल. पाच टक्क्यांचं सर्किट सलग दहा दिवस लागलं असं धरलं. दरवेळी उरलेल्यावर पाच टक्के, म्हणजे दहा दिवसांत साधारण चाळीस टक्के रक्कम जाते. एकूण चाळीस हजारच सोसायचे असतील तर एक लाखाचाच माल घ्यायचा. दोनशेच्या भावाने पाचशे शेअर.

"पाचशे," भाऊजी म्हणाले. चार हजारांच्या जागी.

मी म्हटलं आता वीस टक्केवालं करा. वीस टक्क्यांवर घेणारा लवकर भेटतो म्हणून त्यांनी चारच दिवस धरले. तरी निम्म्याहून जास्त रक्कम गेली आणि शेअर आले साडेतीनशेच्या आत. म्हणजे मूळचे हजारसुद्धा जास्तच होते. आणि गंमत बघा, दोन्ही हद्दींचे आकडे एकमेकांच्या जवळ आले. कुंपण जवळ घातलं काय आणि लांब घातलं काय, फरक फार पडत नव्हता. पडायचं तेवढं तो पडणारच होता, जवळच्या कुंपणाने फक्त ते हप्त्याहप्त्याने होत होतं आणि प्रत्येक हप्त्याला दार बंद.

"अजून एक," मी म्हटलं. मला आता चेव चढला होता. "एरवी दिवसाला किती शेअरचे सौदे होतात ते नका बघू. सर्किटच्या दिवशी किती होतात ते बघा. काही दिवशी हजार-दोन हजारच होतायत. आपले एकट्याचे चार हजार आहेत. म्हणजे रांगेत आपण पहिले असतो तरी एका दिवसात सुटलो नसतो."

त्यांनी मान हलवली. मग कॅल्क्युलेटरवर काहीच न दाबता ते त्याच्याकडे बघत बसले. मी विचारलं, काय झालं?

"दहा दिवस विकता येणार नाही असं धरलं," ते म्हणाले, "तर ज्या पैशाला तारीख आहे, त्यातून किती घ्यायचे?"

मी कॅल्क्युलेटर माझ्याकडे ओढलं.

"शून्य गो," भाऊजी म्हणाले. "तिच्या पैशाचं उत्तर शून्य येतं. तोटा झाला असता की नसता, तरी शून्यच."

मी माझी एफडी मोडायची तयारी दाखवली, पण ती दीड लाखाची, आणि कमी पडत होते ते आठ. मुलगी स्वतः घराच्या हप्त्यात. बँकेने निवृत्त माणसांना आठवड्याभरात कर्ज देण्याची गोष्ट हसूनच टाळली. ताई आणि मी बिल्डरच्या ऑफिसात गेलो, तिथल्या पोरीने चहा दिला, आदराने बोलली आणि सांगितलं की मॅडम, पैसे आठवड्याने येणार हे आम्हाला पटतंय, पण नकाशा परवा जातोय. ताईने विचारलं, थोडी छोटी खोली? आहेत तेवढ्या पैशात? पोरगी म्हणाली, खोली एकतर नकाशात येते नाहीतर नाही येत, अर्धी कशी येणार. ताईने मूळच्या जागेच्या कागदावर सही केली. बाहेर आल्यावर मी तिला रिक्षात बसवत होते तर म्हणाली, चालत जाऊया, आणि आम्ही पाच रस्त्याच्या चौकापर्यंत चालत गेलो.

तारखेनंतर दोन दिवसांनी सर्किट सुटलं. सकाळीच कुणीतरी मोठा आला, सगळी रांग गिळली आणि आमचे चारही हजार एका झटक्यात गेले. तिसऱ्या हिश्शाहून जरा जास्त रक्कम गेली, बाकीची दुसऱ्या दिवशी खात्यात. भाऊजींनी घरी जाऊन सांगितलं, पैसे आले. ताई म्हणाली, "ठेवा." एवढंच. ती भांडली असती तर बरं झालं असतं असं ते मला नंतर म्हणाले.

आता जुनी इमारत पाडली आहे आणि दोघं भाड्याच्या घरात राहतात, तेही एक खोली आणि स्वयंपाकघर. नवीन घरसुद्धा तेवढंच असणार. भाऊजींचा बाजार जवळजवळ बंद. कधीमधी स्वतःच्या पेन्शनमधून थोडे शेअर घेतात, दहा दिवस विकता आले नाहीत तरी चालतील एवढेच, आणि ते एवढे थोडे असतात की शेठ त्यांना दलाली लावायला लाजतात.

पण येतात मात्र रोज. नऊ वाजता. माझ्या मागच्या खुर्चीवर बसतात, पेपर वाचतात, पडद्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. डबा घेऊन येतात आणि साडेतीनच्या आधी उठत नाहीत. सर्दी-ताप असला तरी येतात, एकदा तर खोकत खोकत दिवसभर बसले. मला वाटायचं व्यसन सुटत नाहीये. मग मला वाटलं ताईशी अबोला आहे. माझ्या स्वभावाप्रमाणे बरेच दिवस तर्क करून झाले, आणि शेवटी परवा त्या खोकल्याच्या दिवशी मी चिडून विचारलंच.

"भाऊजी, काही घ्यायचं नाही, काही विकायचं नाही. घरी पडून राहायचं सोडून इथे कशाला येता?"

त्यांनी पेपर खाली घेतला. "साडेतीनपर्यंत ती दार लावून बसते," ते म्हणाले.